पस्तीस त्याचे, साठ सुगुणाचे

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा नागभूषणम याला शहाणपणाचा जुना आजार आहे. तोंडावर मी त्याला 'नागभूषणमगारू' म्हणते, अगदी आदराने बोलते, पण पाठीमागे ते 'गारू' काढून ठेवते. माणूस वाईट नाही हो. दारू नाही, पत्ते नाहीत, माझ्या बहिणीवर कधी हात सोडाच, आवाजसुद्धा चढवला नाही. पण सगळं जग बावळट आणि आपण एकटे हुशार, हे त्याच्या चालण्यातसुद्धा दिसतं. कुशाईगुड्याच्या बाजारात तो भेंडी निवडायला लागला की भेंडीवाल्याला उगाचच वाटायला लागतं, आपलंच काहीतरी चुकलंय.

ईसीआयएल कंपनीजवळ आमचं दोन मजली घर आहे. वर मी आणि आमचे हे, खाली सुगुणा, नागभूषणम आणि त्यांची इंटरला, म्हणजे बारावीला, असलेली मुलगी. मी शाळेत इंग्रजी शिकवते, त्यामुळे गॅसवाल्याच्या तक्रारीपासून लग्नाच्या आमंत्रणापर्यंत घरातलं कुठलंही पत्र लिहायचं म्हटलं की माझ्याच गळ्यात पडतं. पुढचं सगळं मला माहीत आहे ते त्यामुळेच. नाहीतर बहिणीच्या घरात डोकावायची मला सवय नाही, आणि फुरसतही नाही.

नागभूषणम चेर्लापल्लीच्या कारखान्यात प्रॉडक्शन मॅनेजर होता. औषध कंपन्यांना लागणाऱ्या स्टीलच्या मोठाल्या टाक्या तिथे बनायच्या. कामात मात्र तो पक्का. टाकीच्या वेल्डिंगवरून नुसता अंगठा फिरवून सांगायचा, इथे गळणार आहे, आणि तिथेच गळायचं. मालक सांबशिवराव त्याच्यावर खूश होते, आणि मालक खूश असले की आपल्याला चहा मिळतो, पगार नाही, एवढं साधं गणित नऊ वर्षांत त्याच्या डोक्यात शिरलं नाही.

झालं असं होतं. नोकरीला लागला त्याच वर्षी रावगारूंनी त्याला केबिनमध्ये बसवून घेतलं, मिरची भजी मागवली आणि समजावलं की सगळा पगार कागदावर घेतलास तर निम्मा सरकारच्या घशात जाईल. त्यापेक्षा तुझ्या नावावर थोडा घेऊ, बाकीचा तुझ्या बायकोच्या नावावर सल्लागाराची फी म्हणून देऊ. बायकोला दुसरी कमाई नाही, तिला टॅक्स लागत नाही. आधी जो काही टीडीएस कापला जाईल तोही वर्षाअखेरीस परत येईल. नागभूषणम घरी आला तो अशा थाटात, की ही युक्ती त्यालाच सुचली होती.

शेवटी शेवटी त्याचा पगार पंच्याण्णव हजार होता. त्यातले पस्तीस त्याच्या स्लिपवर. उरलेले साठ दर महिन्याला माझ्या बहिणीच्या खात्यात. आणि बहीण कसली सल्लागार, माहीत आहे? इंटीरियर डेकोरेशनची! स्टीलच्या टाक्या बनवणाऱ्या पत्र्याच्या शेडला नऊ वर्षं अंतर्गत सजावटीचा सल्ला! मी एकदा सुगुणाला विचारलं, अगं, त्या शेडमध्ये तू नक्की काय सजवलंस? ती म्हणाली, "अक्का, मी तो कारखाना बाहेरूनसुद्धा बघितलेला नाही." मार्च आला की तो कोरी बिलं आणायचा, ती भात शिजेपर्यंत सह्या करून टाकायची. खात्याचं कार्ड त्याच्या पाकिटात, खात्याला जोडलेला मोबाइल नंबरही त्याचाच. किराण्याला पैसे हवे असले की सुगुणाने ते त्याच्याकडे मागायचे.

मी एकदोनदा बोलून पाहिलं. म्हटलं, नागभूषणमगारू, ही शुद्ध लबाडी आहे, आणि लबाडीही मालकाच्या फायद्याची आहे. तुमच्या पीएफमध्ये त्यांना कमी भरावं लागतं, ग्रॅच्युइटी कमी द्यावी लागेल. तो माझ्याकडे बघून हसला, दुसरीतल्या पोराने उत्तर चुकवल्यावर मी जसं हसते तसं. बायकोची थोरली बहीण म्हणून तो मला वदिना म्हणतो. म्हणाला, "वदिना, तुम्ही शाळेतली माणसं. पगारातून जे कापलं ते कापलं म्हणून गप्प बसता. डोकं चालवावं लागतं." मग दरवर्षी उगादीला गच्चीवर पच्चडी खाता खाता तो सगळ्या नातेवाइकांना डोकं कसं चालवायचं ते सांगायचा. कारखान्यातल्या चार सुपरवायझरांनासुद्धा त्याने याच मार्गाला लावलं. रावगारूंना तर काय, घरबसल्या प्रचारक मिळाला.

मग रावगारूंनी शेड विकायला काढली. तिकडे जमिनीचे भाव आकाशाला भिडलेत. टाक्या बनवण्यापेक्षा टाक्या बनायच्या ती जागा विकण्यात जास्त पैसे आहेत हे त्यांना कळलं. संक्रांतीनंतर कारखाना बंद, असं त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं. नागभूषणम सेहेचाळीसचा. या वयात नवी नोकरी म्हणजे काही गंमत नाही. सुगुणाची झोप उडाली. मुलीचं पुढचं शिक्षण तोंडावर होतं आणि घराला पंच्याण्णव हजारांची सवय झाली होती.

पण त्याच्या हातात कसब होतं, हे मी आधीच सांगितलं. जीडिमेटल्याच्या एका मोठ्या कंपनीला असाच माणूस हवा होता. तीन वेळा बोलावलं. तिसऱ्या वेळी प्लँटच्या मोठ्या साहेबांनी त्याला शेडमध्ये फिरवलं, तेव्हा त्याने एका नव्या टाकीवर अंगठा फिरवून दोन जागा दाखवल्या. साहेबांनी म्हणे तिथेच पाठीवर थाप मारली. त्या संध्याकाळी तो पुल्लारेड्डीची मिठाई घेऊन घरी आला, आणि मलाही मनापासून आनंद झाला. खोटं कशाला सांगू?

दुसऱ्याच दिवशी त्या कंपनीच्या एचआरमधल्या प्रणती नावाच्या मुलीचा मेल आला. तिनेच त्याला पहिला फोन केला होता. तेव्हा आत्ताचा पगार किती, अपेक्षा किती, सोडायला किती दिवस लागतील, हे तिने विचारून घेतलं होतं, आणि त्याने छाती फुगवून पंच्याण्णव सांगितले होते. त्यांच्या छापील अर्जातही तेच लिहून खाली सही ठोकली होती. आता तिचं म्हणणं एवढंच की सर, तुमची निवड झाली आहे, ऑफरची मंजुरी घ्यायची आहे, तर मागच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप, पगार जमा होतो त्या खात्याचं स्टेटमेंट आणि शेवटच्या पगारवाढीचं पत्र पाठवून द्या.

लॅपटॉप घेऊन तो वर आला तेव्हा त्याचा चेहरा बघून मला वाटलं, कुणी गेलं की काय.

मला तर आधी त्या कंपनीचाच राग आला. काम बघितलं, माणूस बघितला, टाकीवरचा अंगठासुद्धा बघितला. आता त्या कामाचे किती द्यायचे ते तुमचं तुम्ही ठरवा ना. आधीच्याने किती दिले हे कशाला हवं? म्हणजे आधीच्या मालकाने लुटलं असेल तर नवा मालक त्याच्या वरती थोडंसं लुटणार, आणि त्याला पगारवाढ म्हणणार. आमच्याकडे मुलगी द्यायची म्हटलं की मुलाचं पॅकेज विचारतात, तेव्हा निदान जेवायला तरी घालतात.

पण नागभूषणमची अडचण तत्त्वाची नव्हतीच. स्लिपवर पस्तीस होते.

पहिलं उत्तर त्याने स्वतःच सांगितलं, मी फक्त टाइप केलं. आमच्या कंपनीच्या नियमाप्रमाणे सॅलरी स्लिप गोपनीय असतात, बाहेर देता येत नाहीत. वाक्य लिहून झाल्यावर त्याने ते स्वतःच दोनदा मोठ्याने वाचलं, इतकं त्याला आवडलं. प्रणतीचं उत्तर चहा थंड व्हायच्या आत आलं. सर, स्लिप तुमची आहे, तुम्ही ती दाखवू शकता. बँकेचा नंबर वगैरे झाकायचा असेल तर खुशाल झाका, फक्त नाव, महिना आणि रक्कम दिसू द्या. त्याशिवाय आमच्याकडे ऑफर पुढेच सरकत नाही.

मग तो रावगारूंकडे गेला. तिथे काय झालं ते त्याने आल्यावर सांगितलं, तेही सुगुणाने तीनदा विचारल्यावर. त्याने म्हणे मालकांना विनंती केली की तीन महिन्यांच्या नव्या स्लिप काढून द्या, पंच्याण्णवच्या. रावगारू चिडले नाहीत. त्यांनी नेहमीसारखी भजी मागवली. म्हणाले, "अरे, छापायला काय, दहा छापतो. पण तुझ्या बँकेत पस्तीस आले, पीएफ पस्तिसाच्या स्लिपवर भरला, टॅक्सचा कागद तसाच गेला. ती माणसं एक कागद दुसऱ्याशी लावून बघतात. उद्या तुझ्याबरोबर माझंही नाव निघालं तर? आणि नऊ वर्षं तूच सगळ्यांना सांगत होतास ना, कागदावर कमी असलेलं बरं?" भजी खाल्लीत का, असं मी विचारलं. त्याने विषय बदलला, म्हणजे खाल्ली असणार.

त्यानंतर अमीरपेठेतल्या कुणीतरी त्याला सांगितलं की तिकडे हव्या त्या कंपनीची, हव्या त्या रकमेची स्लिप बनवून मिळते, बँकेच्या स्टेटमेंटसकट. तो तीन दिवस घुटमळत होता. मी सरळ म्हटलं, असला कागद जोडलेलं पत्र मी लिहिणार नाही, दुसरी वदिना शोधा. त्याने बेत सोडला, पण माझ्या बोलण्यामुळे नाही. त्याच्या ओळखीतल्या एकाला नोकरीला लागून दोन महिने झाल्यावर पडताळणीवाल्यांनी पकडलं होतं, सामान उचलायलाही वेळ दिला नव्हता. ती हकीकत त्याला वेळेवर आठवली. प्रामाणिकपणाला कधीकधी भीतीचाच टेकू लागतो, असो.

मग त्या माणसाने जे केलं ते फक्त त्यालाच सुचू शकतं. मला न विचारता, स्वतःच्या इंग्रजीत, त्याने प्रणतीला मेल लिहिला. सोबत आपल्या पस्तिसाच्या तीन स्लिप जोडल्या, आणि त्यांच्याखाली सुगुणाच्या खात्याचं स्टेटमेंट आणि तिच्या टॅक्स कपातीचा कागद. वर लिहिलं, दोन्ही मिळून माझा पगार समजावा, बायको आणि मी वेगळे नाही.

रविवारी सकाळी मी खाली गेले होते. सुगुणा गोंगुरा, म्हणजे आपली अंबाडी, निवडत होती, मी मदतीला बसले. तेवढ्यात प्रणतीचा फोन आला. एचआरची मुलगी रविवारी फोन करते म्हणजे काम निकडीचं, म्हणून नागभूषणमने आम्हालाही ऐकू यावं असा स्पीकर लावला. कदाचित त्याला वाटलं असेल, आनंदाची बातमी आहे.

"सर, हे दुसरं स्टेटमेंट कोणाचं आहे?"

"माझंच. म्हणजे माझ्या मिसेसचं. पगार माझाच आहे."

"पण सर, नाव सुगुणागारूंचं आहे. फीवरचा टॅक्स त्यांच्या पॅनवर कापलाय. सजावटीची सल्लागार फी असं लिहिलंय. कागदाप्रमाणे ही त्यांची कमाई आहे, मी तुमच्या पगारात कशी धरू?"

तो तिला समजावायला लागला. तेच, डोकं चालवण्याचं. टॅक्स कसा वाचतो, मालकालाही कसं बरं पडतं. सगळं सविस्तर. मी डोळे वटारून त्याला गप्प राहायची खूण करत होते, पण हुशार माणसाला खुणा दिसत नाहीत. ती मुलगी बिचारी ऐकून घेत होती. वयाने असेल सव्वीस-सत्तावीस, पण आवाजात घाई नव्हती. शेवटी म्हणाली, "सर, तुम्ही जे सांगताय ते मी ऐकलं नाही असं समजते. तो मेल मी फाइलला लावत नाही, कारण लावला तर तुमचं काम होणारच नाही. प्लँटच्या साहेबांना तुम्हीच हवे आहात, म्हणून सुट्टीच्या दिवशी फोन केला. पण अर्जात तुम्ही पंच्याण्णव लिहिलेत आणि दाखवू शकता ते पस्तीस. आमचा नियम, दाखवलेल्या पगारावर जास्तीत जास्त चाळीस टक्के."

पस्तिसावर चाळीस टक्के. म्हणजे एकोणपन्नास. हिशेब मी केला, सुगुणाने केला, त्यानेही केला. कारखाना चालू असताना जे यायचं त्याच्या जेमतेम निम्मं, आणि ते जास्त जबाबदारीच्या कामाला.

"आणि मॅडमचं उत्पन्न खरंच चांगलं आहे," प्रणती जाता जाता म्हणाली. टोमणा नव्हता तो, खरंच नव्हता, ती आपली साधेपणाने बोलली. "पण अर्ज मॅडमनी केलेला नाही ना, सर."

फोन ठेवला गेला. सुगुणाच्या हातातली गोंगुऱ्याची काडी तशीच राहिली होती. तिने मला हळूच विचारलं, "अक्का, ती पोरगी म्हणाली ते खरं? ते पैसे माझे?" मी म्हटलं, सरकार म्हणतं तुझे, बँक म्हणते तुझे, आता जीडिमेटलावालेही म्हणतात तुझे. न म्हणणारा एकच माणूस आहे, आणि तो समोर बसलाय. तिने मान खाली घालून पानं खुडायला सुरुवात केली, पण देठ पानांत आणि पानं कचऱ्यात जायला लागली.

नागभूषणमची मला तेव्हा दया आली. रागही आला आणि दयाही आली. नऊ वर्षं त्या माणसाने भट्टीसारख्या शेडमध्ये हाडं झिजवली होती, ती काही कागदावरची नव्हती. मी त्याला वर घेऊन गेले आणि म्हटलं, आता तुम्ही डोकं चालवू नका, मी लिहिते, तुम्ही फक्त सही करा. तो इतका खचला होता की चक्क हो म्हणाला.

मी लिहिलं की अर्जात मी पंच्याण्णव हजार लिहिले, ते मला कागदाने दाखवता येत नाहीत, म्हणून तो आकडा मी मागे घेतो आणि चुकीबद्दल दिलगीर आहे. माझा कागदावरचा पगार पस्तीस हजार आहे, स्लिप सोबत आहेतच. पण माझ्या आधीच्या मालकाने कागदावर काय लिहिलं त्यावरून माझ्या पुढच्या कामाची किंमत ठरवू नये, अशी विनंती आहे. ज्या जागेसाठी तुम्ही मला निवडलं तिच्यासाठी काही रक्कम तुम्ही ठरवलेली असणार. ती जागा मी सांभाळू शकतो हे तुमच्या साहेबांनी स्वतः पाहिलं आहे. मी नव्वद मागतो. तेवढं जमत नसेल तर किती जमतं ते कृपया कळवा. पूर्ण रक्कम माझ्याच नावाने, एकाच स्लिपवर हवी.

शेवटचं वाक्य त्याला खटकलं. "एकाच स्लिपवर? म्हणजे सगळ्यावर टॅक्स?" मी नुसतं बघितलं. त्याने सही केली.

आठवडाभर काही आलं नाही. तो जिन्यात फेऱ्या मारायचा, फोन वाजला की दोन पायऱ्या एकदम उतरायचा, आणि बहुतेक वेळा क्रेडिट कार्ड विकणारे असायचे. मग प्रणतीचा फोन आला. मोठ्या साहेबांनी त्याच्यासाठी वर जाऊन भांडण केलं होतं. पैशांच्या विभागाने मुळीच मानलं नव्हतं, दाखवलेल्या पगाराच्या वर एवढी उडी आजपर्यंत कुणाला दिली नाही म्हणत होते. शेवटी खास बाब म्हणून बासष्टवर तडजोड झाली. जागेसाठी शंभरची मंजुरी होती, हे त्याला नंतर प्लँटमध्ये कळलं. उरलेले अडतीस कंपनीने वाचवले, तेही काही न करता, फक्त तीन स्लिप मागवून. याला म्हणतात डोकं चालवणं.

त्याने ऑफर घेतली. न घेऊन जातो कुठे?

रावगारूंनी शेडचं शेवटचं कुलूप लावलं तेव्हा सगळ्यांचा हिशेब चुकता केला. ग्रॅच्युइटी मूळ पगारावर मिळते, आणि त्याचा मूळ पगार कागदावर पंधरा हजार. नऊ वर्षांचे मिळून एका महिन्याच्या खऱ्या पगाराएवढेसुद्धा आले नाहीत. ज्या चार सुपरवायझरांना त्याने मार्गाला लावलं होतं त्यांनाही तसेच मिळाले. त्यांतल्या एकाने त्याच्याशी बोलणं सोडलंय. रावगारू मात्र अजून प्रेमाने बोलतात. गंडिपेटला त्यांचा नवा बंगला होतोय, तिथल्या सजावटीला त्यांनी खराखुरा माणूस लावलाय असं ऐकते.

सुगुणाची शेवटची फी तेवढी तिच्या खात्यात जमा झाली. त्या खात्यात आधीची शिल्लकही बरीच होती, कारण टॅक्सचा परतावा दरवर्षी तिथेच यायचा आणि तो तसाच राहायचा. नागभूषणमने शादनगरकडे कुठलासा प्लॉट बघून ठेवला होता. पगार कमी झाला ना, म्हणून गुंतवणूक करून भरून काढायचं, असं त्याचं नवं डोकं. आगाऊ रक्कम द्यायला म्हणून तो एटीएमवर गेला आणि मशीनने कार्ड घेतलं नाही.

धापा टाकत तो वर आला. सुगुणा माझ्याकडेच बसली होती, मुलीच्या कॉलेजचे फॉर्म आम्ही बघत होतो. त्याने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "वदिना, बँकेला एक कडक पत्र लिहायचंय. माझं कार्ड न विचारता बंद केलंय यांनी."

मी लॅपटॉप उघडला. "खातेदाराचं नाव सांगा."

"पोलिशेट्टी सुगुणा," माझी बहीण म्हणाली. "आणि बंद मीच केलंय. मागच्या आठवड्यात आधार घेऊन गेले होते. नंबर बदलला, नवं कार्ड आलंय."

तो हसला आधी. त्याला वाटलं, बायका चेष्टा करताहेत. मग हसू उतरलं. "अगं, पण ते पैसे माझे आहेत. नऊ वर्षं मी राबलोय तिथे."

"राबलात, हो. मी कुठे नाही म्हणते?" सुगुणाचा आवाज तिचा नेहमीचाच होता, दूध तापवायला ठेवलंय सांगताना असतो तसा. "पण नऊ वर्षं माझ्याकडून सही घेतलीत, की हे पैसे माझे. सरकारला सांगितलंत, बँकेला सांगितलंत. त्या पोरीला तेवढं दुसरं सांगायला गेलात, तर तिने कागद मागितला. तुमच्याकडे आहे का कागद?"

तो माझ्याकडे वळला. इतकी वर्षं कुठलाही प्रश्न आला की वदिना पत्र लिहिते, हे त्याच्या अंगवळणी पडलं होतं. मी लॅपटॉप मिटला. या पत्रात लिहिण्यासारखं मला खरंच काही सुचलं नाही.

तो खुर्चीत बसला. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाला की उद्या कामावर जायचंय, पगाराला अजून पंधरा दिवस आहेत, गाडीत पेट्रोल नाही. सुगुणाने फॉर्म बाजूला ठेवला, कमरेची पिशवी उघडली आणि पाचशेची एक नोट त्याच्या हातावर ठेवली. जीडिमेटला लांब आहे, हे तिलाही ठाऊक होतं. उरले तर परत आणा, एवढंच ती म्हणाली.